एकच गाणं, तीन गावं आणि एकच सम

आम्ही तिघं. मी अंबाजोगाईत, एक नांदेडात, एक पुण्यात. कॉलेजात असताना एका खोलीत राहायचो आणि रात्री जेवण झालं की एकाच टेपरेकॉर्डरवर गाणी ऐकायचो. तेव्हापासून एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारायची सवय आहे, म्हणून इथेही 'नांदेड' आणि 'पुणे' असंच लिहितो. गेल्या वर्षापासून दर गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही पुन्हा एकत्र गाणी ऐकतो, तिघं तीन गावांत बसून.

पहिल्या गुरुवारी आम्ही साधा उपाय केला. पुण्यानं घरातल्या स्पीकरवर गाणं लावलं, आम्हा दोघांना ग्रुप कॉल केला आणि फोन स्पीकरसमोर ठेवला. "ऐकू यायलंय का?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज स्वच्छ येत होता. गाणं मात्र पाण्याखालून आल्यासारखं येत होतं. तंबोरा तर आलाच नाही. हार्मोनियमवर लांब धरलेला सूर दोन-तीन सेकंदांत विरून जायचा आणि गायकानं तान घेतली की परत यायचा.

यात कुणाच्या फोनचा बिघाड नव्हता. कॉल हा बोलण्यासाठी बांधलेला असतो. माणसाचं बोलणं सतत चढतं-उतरतं, मध्येमध्ये थांबतं. पंख्याचा, मोटारीचा, पिठाच्या गिरणीचा आवाज एकसारखा चालू राहतो. म्हणून फोनमधली गोंगाट गाळणारी यंत्रणा एक साधा नियम पाळते: जे एकसारखं वाजत राहील ते काढून टाकायचं. आता तंबोऱ्याचं कामच एकसारखं वाजत राहणं. फोनच्या दृष्टीनं तंबोरा आणि कूलर यांत फरक नाही. लांब धरलेल्या सुराचंही तेच होतं. म्हणून कॉलवरून गाणं ऐकवायचा नाद आम्ही त्याच रात्री सोडला.

पुढच्या गुरुवारी ॲपमधली सोबत ऐकायची सोय वापरली. तेव्हा सगळ्यांत आधी लक्षात आलेली गोष्ट ही, की तिथे गाणं एकाकडून दुसऱ्याकडे जातच नाही.

बहुतेकांचा समज असा असतो की पुणे गाणं लावतो आणि ते पुण्याहून माझ्या फोनवर येतं. खरं तर पुण्याचा फोन त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवरून घेतो, माझा फोन माझी प्रत घेतो, नांदेडचा त्याची. तिघांमध्ये फिरतो तो फक्त एक छोटा निरोप: कोणतं गाणं, चालू आहे की थांबवलंय, आणि किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी ते पहिल्या क्षणापासून सुरू झालं. आकाराचा फरक बघा. पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं १६० केबीपीएस दर्जात ऐकलं तर साधारण ७ एमबी डेटा जातो. निरोप मात्र मेसेजमधल्या दोन-चार ओळींएवढा. म्हणून गाण्याचा आवाज कुणाकडेच फाटका येत नाही. तिघांकडेही मूळ दर्जाचीच प्रत असते, तंबोऱ्यासकट.

याच कारणानं अशा बैठकीला बसायचे नियमही कडक असतात. प्रत्येक जण आपली स्वतंत्र प्रत वाजवतो, त्यामुळे ती वाजवायचा हक्कही प्रत्येकाकडे स्वतंत्र असावा लागतो. स्पॉटिफायनं २०२३ मध्ये जॅम नावाची सोय आणली. तीत वेगवेगळ्या गावांतून बसायचं तर सगळ्यांकडेच प्रीमियम खातं लागतं. एकाच घरात असाल तर फुकट खातेवाल्यालाही सामील होता येतं. एका जॅममध्ये ३२ जणांपर्यंत बसता येतं. ॲपलची शेअरप्ले ही सोय २०२१ मध्ये आली. ती फेसटाइम कॉलवर चालते आणि तिथेही ज्याचं त्याचं वर्गणीचं खातं लागतं.

जॅमला बसायची कृती लहानच आहे. एकानं गाणं किंवा यादी उघडायची, तीन ठिपक्यांवर दाबायचं, Start a Jam निवडायचं आणि मिळालेली लिंक मित्रांना पाठवायची. त्यांनी लिंकवर दाबून सामील व्हायचं. ज्यानं बैठक सुरू केली तो यजमान. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं आणि गाण्यांचा क्रम काय, हे त्याच्या हातात असतं. रांगेत गाणी मात्र सगळेच टाकू शकतात. आमच्यात यजमानपद दर गुरुवारी फिरतं, नाहीतर नांदेड दुसऱ्या कुणाचं गाणं लागूच देत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. निरोपात लिहिलंय 'रात्री ९ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंदांनी सुरू'. पण कुणाच्या घड्याळानं? माझ्या फोनचं घड्याळ आणि नांदेडच्या फोनचं घड्याळ अगदी एक असेलच असं नाही. अर्ध्या सेकंदाचा फरक एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मध्य लयीत अर्ध्या सेकंदात एक अख्खी मात्रा निघून जाते. म्हणून गाणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येक फोनला सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. गंमत अशी, की 'किती वाजले?' हा प्रश्न जायला आणि उत्तर यायलाही वेळ लागतो. उत्तर हातात पडेपर्यंत ते शिळं झालेलं असतं.

यावरचा तोडगा संगणकवाल्यांनी फार पूर्वी शोधला. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये इंटरनेटवरची घड्याळं जुळवायची जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी तोच आहे. एक उदाहरण घेऊन बघू.

माझ्या फोननं विचारलं, 'किती वाजले?' तेव्हा माझ्या घड्याळात बरोबर १० सेकंद झाले होते. सर्व्हरला प्रश्न मिळाला तेव्हा त्याच्या घड्याळात १०.४६ सेकंद होते. त्यानं तेवढंच लिहून लगेच परत पाठवलं. उत्तर माझ्याकडे पोचलं तेव्हा माझ्या घड्याळात १०.१२ सेकंद झाले होते. म्हणजे जाऊन-येऊन ०.१२ सेकंद लागले. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरलं, तर यायचे ०.०६. उत्तर निघालं तेव्हा सर्व्हरकडे १०.४६ होते, वाटेत ०.०६ गेले, म्हणजे आत्ता तिथे १०.५२ झालेत. माझ्याकडे १०.१२ आहेत. माझं घड्याळ ०.४० सेकंदानं मागे आहे. फोन हे घड्याळ बदलत बसत नाही. तो फक्त लक्षात ठेवतो की या बैठकीपुरतं आपल्या वेळेत ०.४० मिळवायचे.

या हिशोबातली कच्ची जागा एकच आहे: जायला आणि यायला सारखा वेळ लागतो, हे गृहीतक. मोबाइल नेटवर्कवर ते नेहमी खरं नसतं. आमच्याकडे रात्री साडेनऊला टॉवरवर गर्दी असते आणि अशा वेळी फोनकडून टॉवरकडे जाणारा संदेश कधीकधी जास्त रखडतो. समजा, त्या ०.१२ पैकी जायला ०.१० आणि यायला ०.०२ लागले असते, तर फोनचा अंदाज ०.०४ सेकंदानं चुकला असता. चूक कितीही वाईट झाली तरी एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही, इथे ०.०६ सेकंद. म्हणून शहाणं ॲप एकदा विचारून थांबत नाही. ते पाच-दहा वेळा विचारतं आणि ज्या खेपेला उत्तर सगळ्यांत लवकर आलं, त्या खेपेचा हिशोब धरतं. लवकर आलेल्या उत्तराला वाटेत रखडायला जागाच नव्हती.

अंतराची भीती मात्र सोडून द्या. अंबाजोगाईहून पुणे सुमारे तीनशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर तो दीड मिलिसेकंदात कापतो. वेळ जातो तो टॉवरवर, रांगेत, आणि फोनच्या आत. पुण्यातला मित्र दुबईला गेला असता तरी आमच्या बैठकीला फार फरक पडला नसता. तो शेतात, टॉवरच्या रेंजच्या कडेला जाऊन बसला तर पडेल.

घड्याळं एकदा जुळली की पुढचं काम सोपं होतं, कारण गाण्याचं भविष्य सगळ्यांना माहीत असतं. यजमानानं गाणं लावलं की ते त्या क्षणी वाजायलाच हवं असं नाही. 'अजून एका सेकंदानं सुरू करा' असा निरोप देता येतो. तेवढ्या वेळात तिन्ही फोन गाण्याचा सुरुवातीचा भाग उतरवून तयार राहतात आणि ठरल्या क्षणी तिन्हीकडे पहिला सूर लागतो.

उशिरा येणाऱ्याचं काय होतं? नांदेडचं दुकान कधीकधी साडेनऊलाही बंद होत नाही. समजा, गाणं ९:३१:१५ ला सुरू झालं आणि तो ९:३३:४० ला आला. त्याचा फोन वजाबाकी करतो: १४५ सेकंद झाले, म्हणजे गाणं २ मिनिटं २५ सेकंदांवर आहे. पण तिथून गाणं उतरवायला दोन सेकंद लागणार असतील तर २:२५ पासून घेऊन उपयोग नाही, तोवर बाकीचे पुढे गेलेले असतील. म्हणून तो २:२७ पासूनचा भाग घेतो आणि ९:३३:४२ झाले की वाजवायला लागतो. सप्ताहाच्या कीर्तनाला उशिरा आलेला माणूस जिथे निरूपण चाललंय तिथूनच ऐकायला लागतो, बुवा त्याच्यासाठी पुन्हा नमनापासून सुरू करत नाहीत. तसंच हे.

नेट तुटलं तरी हाच नियम. पुण्याचा मित्र लिफ्टमध्ये गेला आणि त्याचं गाणं तीन सेकंद अडकलं, तर परत सुरू होताना ते तीन सेकंद गाळून पुढेच सुरू व्हायला हवं. एकटं ऐकताना आपल्याला हे आवडणार नाही. एकटं असताना गाणं जिथे थांबलं तिथूनच पुढे जावं असं वाटतं. सोबत ऐकताना मात्र तुटलेली ओळ सोडून द्यावी लागते. तुमचं गाणं अडकून परत अडकल्या जागेवरूनच सुरू झालं आणि पुढे उडी घेतली नाही, तर समजा की तुम्ही आता मागे पडलात. अशा वेळी बैठकीतून बाहेर पडून परत लिंकवर दाबणं हा खात्रीचा उपाय. फोन पुन्हा घड्याळ जुळवतो, पुन्हा वजाबाकी करतो.

अँड्रॉइड फोनवर मागे पडण्याचं आणखी एक कारण सापडलं. बॅटरी वाचवायची सोय चालू असली आणि स्क्रीन बंद झाली, की फोन मागे चालणाऱ्या ॲपचं नेट आवळतो. उतरवून ठेवलेलं गाणं वाजत राहतं, पण यजमानानं गाणं बदलल्याचा निरोप उशिरा पोचतो. नांदेडचा फोन दोन गुरुवार एक गाणं मागे चालला तो यामुळे. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढलं आणि तक्रार संपली.

इथवर सगळं फोनच्या हिशोबातलं झालं. पण आपण फोननं ऐकत नाही, कानानं ऐकतो. आमचा सगळ्यांत मोठा घोळ याच शेवटच्या हातभर अंतरात झाला.

वायरच्या इअरफोनमध्ये आवाज जवळजवळ लगेच पोचतो. ब्लूटूथमध्ये फोन आधी आवाज दाबून लहान करतो, हवेतून पाठवतो, आणि इअरफोन तो उलगडून, थोडा साठवून मग वाजवतो. नेहमीच्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये यात सेकंदाचा सातवा ते चौथा भाग जातो, म्हणजे १५० ते २५० मिलिसेकंद. फोन आपल्या परीनं हा उशीर मोजून गाणं तेवढं आधी सोडायचा प्रयत्न करतो. पण इअरफोननं आपला उशीर खरा सांगितला तरच ते जमतं, आणि स्वस्त इअरफोन पुष्कळदा सांगत नाहीत. मग ॲपच्या मते तिघंही एकाच क्षणावर असतात आणि ब्लूटूथवाल्याचा कान मात्र पाव सेकंद मागे.

पण हे ओळखायचं कसं? कॉलवर विचारून काही कळत नाही, कारण कॉललाही स्वतःचा उशीर असतो. आम्ही सुरुवातीला तेच करायचो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मी "हां!" म्हणायचो, पुणे म्हणायचा, "तू मागे आहेस." तो "हां!" म्हणायचा, मी म्हणायचो, "मागे तूच आहेस." दोघंही खरं बोलत होतो. एकमेकांचा "हां" दोघांनाही उशिराच ऐकू येत होता.

मग एके रात्री नांदेडच्या डोक्यात आलं, की हा तर घड्याळ जुळवायचाच हिशोब आहे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, आणि येण्या-जाण्याचा उशीर दोन्ही बाजूंनी सारखा धरून तो काढून टाकायचा. तिथे सर्व्हर होता, इथे मित्र.

ती परीक्षा अशी. ज्याची सम सगळ्यांना तोंडपाठ आहे असं विलंबित गाणं लावायचं. तोंडपाठ असणं महत्त्वाचं, कारण येणारी सम माहीत असली की माणूस तिच्यावर बरोबर "हां" म्हणतो. अनपेक्षित ठोक्यावर मात्र प्रतिक्रियेतच पाव सेकंद घालवतो. आधी मी समेवर "हां" म्हणायचं आणि पुण्यानं सांगायचं की त्याच्या समेनंतर किती वेळानं माझा "हां" ऐकू आला. मग उलट.

आमचे त्या रात्रीचे आकडे: माझा "हां" पुण्याला जवळजवळ समेवरच ऐकू आला, फार तर ०.०५ सेकंद उशिरा. त्याचा "हां" मला समेनंतर ०.४५ सेकंदानं, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद उशिरा. दोन्हींची बेरीज ०.५०, तिची निम्मी ०.२५. हा कॉलचा उशीर, तो दोघांना सारखाच. दोन्हींतला फरक ०.४०, त्याचा निम्मा ०.२०. एवढं पुणे माझ्या मागे. त्याच्या कानात ब्लूटूथ होतं, माझ्या कानात वायर. त्यानं ब्लूटूथ काढून घरातल्या पोरीचे वायरचे इअरफोन लावले आणि परत परीक्षा घेतली. आता दोघांनाही दुसऱ्याचा "हां" साधारण पाव सेकंद उशिरा आला.

अर्थातच हे आकडे कानानं मोजलेले, त्यांत थोडं इकडेतिकडे होणारच. पण आकडे न काढताही नियम लक्षात ठेवता येतो. दोघांनाही दुसरा सारखाच उशिरा वाटत असेल तर गाणं जुळलेलं आहे, कितीही उशिरा वाटो. एकाला 'हा तर बरोबर समेवर आहे' असं वाटत असेल आणि दुसऱ्याला 'हा फार मागे आहे' असं, तर गाणं जुळलेलं नाही, आणि ज्याला दुसरा समेवर वाटतोय तोच मागे आहे. हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. तो स्वतः मागे असल्यामुळेच कॉलवर उशिरा येणारा आवाज त्याच्या उशिरा येणाऱ्या समेशी बरोबर जाऊन बसतो.

ब्लूटूथचा आणखी एक त्रास आहे, तो उशिराहून वाईट. त्याच इअरफोनचा माइक कॉलसाठी चालू झाला की गाण्याचा दर्जा धाडकन उतरतो, जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकल्यासारखा. कारण माइकचा आवाज परत पाठवायचा असला की ब्लूटूथ बोलण्याच्या पद्धतीवर जातं आणि त्या पद्धतीत संगीताला पुरेशी जागा नसते. त्यात पुष्कळ फोनवर कॉल सुरू होताच गाणंच थांबतं. आमचा तोडगा साधा आहे: गाणं एका फोनवर, वायरच्या इअरफोननं. कॉल घरातल्या दुसऱ्या फोनवर, स्पीकर अगदी बारीक ठेवून. गाणं कानात असल्यामुळे ते कॉलमध्ये शिरत नाही. ज्यांच्याकडे दुसरा फोन नाही त्यांनी कॉल सोडून ग्रुपवर लिहावं, ते उत्तम चालतं. फेसटाइमवर शेअरप्ले वापरणाऱ्यांना ही खटपट नको. कुणी बोललं की तिथे गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो.

गाणं कॉलमध्ये शिरू नये यावर माझा एवढा भर का, ते सांगतो. सप्ताहाच्या मंडपात शेवटच्या ओळीतला माणूस बुवांपासून पस्तीस मीटरवर बसलेला असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे त्याला प्रत्येक शब्द सेकंदाचा दहावा भाग उशिरा मिळतो. तरी तो पहिल्या ओळीतल्या माणसाबरोबरच ऐकतोय हे कुणी नाकारत नाही. पण गावात एक भोंगा वेशीवर आणि एक देवळावर लावला, आणि एक तुमच्यापासून दीडशे मीटरनं जास्त लांब असला, की तोच अभंग अर्ध्या सेकंदाच्या फरकानं दोनदा ऐकू येतो आणि शब्द कळेनासे होतात. दोन माणसांत दहावा भाग सेकंदाचा फरक चालतो, एकाच कानात दोन आवाज तेवढ्या फरकानं आले की चालत नाही. सोबत ऐकायच्या बैठकीतही तसंच आहे. आम्हा तिघांच्या कानांत सेकंदाच्या दहाव्या भागाचं अंतर राहिलं तरी "वाह" एकाच जागेवर येते. पण मित्राच्या खोलीतलं गाणं कॉलवरून माझ्या कानात आलं, की माझ्या कानात दोन भोंगे लागले.

ज्यांच्याकडे वर्गणीचं खातं नाही त्यांना हे सगळं हातानंही करता येतं, आणि ते करून बघितल्यावर ॲप काय करतं ते जास्त चांगलं कळतं. गाण्याची तीच फाइल तिघांनी आधी उतरवून ठेवायची. तीच म्हणजे अगदी तीच. मैफिलीतलं ध्वनिमुद्रण आणि रेकॉर्डवरचं ध्वनिमुद्रण यांची लांबी वेगळी असते, म्हणून आधी मिनिटं-सेकंद ताडून घ्यायचे. मध्ये जाहिरात येणार असेल तर ही पद्धत वापरू नका, प्रत्येकाला वेगळ्या लांबीची जाहिरात येते. एक गाणं संपत असताना दुसरं त्यात मिसळायची सोय प्लेअरमध्ये चालू असेल तर तीही बंद करायची.

मग कॉलवर 'तीन, दोन, एक' म्हणू नका. ऐकणारा कॉलच्या उशिरानं नेमका तेवढाच मागे पडतो. त्याऐवजी वेळ ठरवा: 'नऊ पस्तीसला'. प्रत्येकानं दुसऱ्या स्क्रीनवर time.is उघडायचं. ते सेकंद दाखवतं आणि तुमच्या फोनचं घड्याळ किती चुकतंय तेही सांगतं. सेकंद ५७, ५८, ५९ मनात मोजत जायचं आणि पस्तीस होताच दाबायचं. मोजत आल्यामुळे बोट बऱ्यापैकी वेळेवर पडतं. मग वरची समेची परीक्षा घ्यायची आणि जो मागे असेल त्यानं नाही, जो पुढे असेल त्यानं क्षणभर थांबवून परत सुरू करायचं. थांबवणं हातानं साधतं, पाव सेकंद पुढे सरकवणं साधत नाही. आमचं बहुतेक वेळा दोन खेपांत जुळतं. दोन फोनांची घड्याळंही अगदी एकाच चालीनं चालत नाहीत, तासाभरात सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी फरकू शकतात. म्हणून दर गाण्याला नव्यानं सुरुवात केलेली बरी.

शेवटी एक गोष्ट जी जमणार नाही. दिवाळीच्या आधी नांदेड म्हणाला, "ऐकणं जमलं, आता सोबत म्हणू या. मी पेटी धरतो." आम्ही प्रयत्न केला. त्याच्या पेटीवर मी पहिली ओळ घेतली, माझा सूर त्याला पाव सेकंदानं पोचला, त्याला वाटलं मी रेंगाळतोय, म्हणून त्यानं पेटी संथ केली. ती संथ पेटी मला आणखी पाव सेकंदानं आली, मी अजून संथ झालो. चार ओळींत लय निम्म्यावर आली.

ध्वनिमुद्रित गाण्याचं पुढचं सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं, म्हणून तीन फोनांना 'या क्षणी हे वाजवा' असं आधी सांगून ठेवता येतं. माझा पुढचा सूर मी लावेपर्यंत कुठेच नसतो. तो लागल्यावरच निघणार आणि वाटेत वेळ घेणार. सोबत वाजवणाऱ्या माणसांना साधारण ३० मिलिसेकंदांच्या पलीकडचा उशीर जाणवायला लागतो आणि लय ढळते. नेहमीचा मोबाइल कॉल त्याच्या कितीतरी पट जास्त घेतो. तारेचं इंटरनेट, वायरचे माइक आणि त्यासाठीच बनवलेलं जॅम्युलससारखं सॉफ्टवेअर असेल तर जवळच्या शहरांत ते जमवता येतं. मोबाइलवर नाही.

आता आम्ही आळीपाळीनं म्हणतो. एक जण पूर्ण अंतरा म्हणतो, बाकीचे दोघं माइक बंद करून ऐकतात. त्याचं संपलं की पुढचा सुरू करतो. मधल्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेची आता सवय झाली आहे.